दुकानाचे वीजबिल : आधी यादी, मग खरेदी

आमच्या वित्तीय साक्षरता केंद्रात इंदूरचे एक दुकानदार आले होते. त्यांचे छोटे किराणा आणि दुधाचे दुकान आहे. त्यांना २८,००० रुपयांचे कर्ज हवे होते, नवीन डीप फ्रीझर घेण्यासाठी. विक्रेत्याने कागदावर हिशेब मांडून दिला होता : जुना फ्रीझर दिवसाला ६ युनिट खातो, नवा २.४ युनिट. दिवसाला ३.६ युनिट, म्हणजे महिन्याला १०८ युनिट वाचतील. त्यांचा दर युनिटला १० रुपये पडतो. म्हणजे महिन्याला १,०८० रुपयांची बचत, आणि २६ महिन्यांत फ्रीझर फुकट.

कागदावरचा गुणाकार बरोबर होता. शंका एकाच आकड्याची होती : जुना फ्रीझर खरोखर ६ युनिट खातो, हे कोणी मोजले? कोणीच मोजले नव्हते. फ्रीझरच्या मागच्या पट्टीवर २५० वॉट लिहिले होते, त्याला २४ तासांनी गुणले होते. म्हणून कर्जाचा अर्ज बाजूला ठेवून आम्ही आधी दुकानाची वीज तपासायचे ठरवले. त्यासाठी वही, मोबाइलमधले घड्याळ आणि दुकानाचा मीटर एवढेच लागले. पुढे एक दिवस प्लगमध्ये लावायचा छोटा मीटर लागला, तो त्यांनी ओळखीच्या वायरमनकडून आणला. आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत. तुम्ही स्वतःच्या बिलातले आकडे घालून हाच हिशेब करू शकता.

बिलातून काय घ्यायचे

बिलातून आपल्याला दोन गोष्टी हव्यात. पहिली, रोजचे युनिट. त्यांच्या बिलात ३० दिवसांचे ५१० युनिट होते, म्हणजे दिवसाला १७. बिल कधी २८ दिवसांचे येते, कधी ३२, म्हणून महिन्याची महिन्याशी तुलना फसवते. रोजचे युनिट काढले की ही अडचण राहत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे एक युनिट वाचवले तर खरोखर किती रुपये वाचतात. एकूण बिल ५,५६० रुपये होते. त्यात ४६० रुपये स्थिर आकार होता. दुकान महिनाभर बंद ठेवले तरी तो द्यावाच लागतो, तेव्हा तो वगळायचा. राहिले ५,१०० रुपये, भागिले ५१० युनिट, म्हणजे १० रुपये. तुमच्या राज्यात व्यापारी जोडणीला टप्प्याटप्प्याने दर वाढत असेल, तर वाचलेले युनिट वरच्या, महाग टप्प्यातून कमी होतात. तेव्हा हिशेबाला तोच वरचा दर धरा.

यादी आणि तिच्यातली चूक

यादी करायची पद्धत सोपी आहे. दुकानात दारापासून सुरुवात करून भिंतीच्या कडेने फिरायचे आणि विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू लिहायची. तिचे वॉट, रोजचे तास, आणि एकसारख्या वस्तू असतील तर संख्या. तिन्हींचा गुणाकार करून १,००० ने भागले की रोजचे युनिट मिळतात. ट्यूबलाइट जुन्या चोकवाली असेल, तर नळीवर ३६ किंवा ४० वॉट लिहिलेले असते, पण चोकही १०-१२ वॉट खातो. म्हणून अशा एका ट्यूबचे ५२ वॉट धरावेत.

आमच्या दुकानदारांचे दुकान सकाळी साडेआठ ते रात्री साडेनऊ, १३ तास चालते. तीन जुन्या ट्यूब : ५२ गुणिले ३ गुणिले १३, म्हणजे सुमारे २ युनिट. दोन छतपंखे ७५ वॉटचे, तेही जवळपास २ युनिट. याप्रमाणे सगळी यादी झाली आणि बेरीज आली २०.१ युनिट. बिल म्हणत होते १७.

यादी आणि बिल जुळले नाही म्हणजे तपासणी बिघडली असे नाही. खरे काम तिथूनच सुरू होते. यादी बिलापेक्षा बरीच जास्त आली, तर बहुधा फ्रिज-फ्रीझरच्या आकड्यात गोम असते. त्यांच्या पट्टीवरचे वॉट कॉम्प्रेसर चालू असतानाचे असतात. आत पुरेशी थंडी झाली की कॉम्प्रेसर थांबतो, ऊब वाढली की पुन्हा सुरू होतो. २४ तास प्लग लावलेला असला तरी तो २४ तास चालत नाही. किती चालतो हे फ्रीझरच्या वयावर, आत साठलेल्या बर्फावर, दाराच्या रबरावर आणि दुकानातल्या उकाड्यावर ठरते. म्हणून ‘रोज इतके तास धरा’ असा ठोकताळाही इथे चालत नाही. मोजावेच लागते.

यादी बिलापेक्षा कमी आली, तर उलटे समजायचे : काहीतरी लिहायचे राहिले आहे, किंवा तास कमी लिहिले आहेत. गंमत म्हणजे या दुकानात दोन्ही चुका एकाच वेळी होत्या आणि एकीने दुसरीला थोडे झाकले होते.

मीटरला विचारायचे

पहिली मोजणी रात्रीची. दुकान बंद करताना मीटरवरचा `kWh` हा आकडा दशांशासह लिहिला आणि सकाळी उघडताना पुन्हा लिहिला. (मीटरवर आकडे आळीपाळीने बदलत राहतात, तेव्हा समोर `kWh` आले आहे याची खात्री करा.) अकरा तासांत ५.५ युनिट गेले होते. गिऱ्हाईक नाही, दिवे नाहीत, पंखे नाहीत, तरी दिवसाच्या १७ युनिटांपैकी जवळपास एक तृतीयांश वीज शटर खाली असताना गेली. दुकानदार म्हणाले, ‘‘फ्रीझर आणि कूलर तर चालूच ठेवावे लागतात ना!’’ ते खरेच होते. पण त्यांनी नेमकी किती घेतली, हे सुटे करून पाहायला हवे होते.

त्यासाठी मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा उपयोगी पडतो. दिव्याजवळ बारीक अक्षरांत `3200 imp/kWh` असे काहीतरी छापलेले असते. याचा अर्थ दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झाले. अशा मीटरवर दहा लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोजायचे आणि ११,२५० ला त्या सेकंदांनी भागायचे. त्या क्षणी दुकान किती वॉट ओढते आहे ते मिळते. तुमच्या मीटरवर `1600` छापले असेल, तर ११,२५० ऐवजी २२,५०० घ्या. दुसरा कुठला आकडा असेल, तर ३,६०,००,००० ला त्या आकड्याने भागा म्हणजे तुमच्या मीटरचा आकडा मिळेल.

मोजताना पहिली लुकलुक दिसली की घड्याळ सुरू करून ‘शून्य’ म्हणायचे आणि ‘दहा’ला थांबवायचे. ‘एक’पासून मोजायला सुरुवात केली, तर नऊच्याच अंतराला दहा समजले जाते. बहुतेकांची चूक इथेच होते.

रात्री गिऱ्हाईक संपल्यावर, शटर अर्धे ओढून, दुकानदारांनी आतले सगळे बंद केले : दिवे, पंखे, संगणक, कॅमेरे, इन्व्हर्टर, कूलर, फ्रीझर. आता मीटर गप्प व्हायला हवा होता. तो लुकलुकतच होता. दहा लुकलुकींना ११० सेकंद, म्हणजे १०२ वॉट. शोधत बाहेर आले तर दुकानाची पाटी झगमगत होती. तिच्या आत दोन जुन्या ट्यूब आहेत. यादीत त्यांनी पाटीचे ‘संध्याकाळी ३ तास’ लिहिले होते. प्रत्यक्षात कुलूप लावताना उजेड लागतो म्हणून पाटी चालूच ठेवून ते घरी जात आणि सकाळी येऊन बंद करीत. ‘‘दोन ट्यूबांना असे किती लागणार?’’ ३ तासांऐवजी १४ तास चालल्यामुळे ०.३ ऐवजी १.४ युनिट लागत होते. महिन्याला ३३० रुपये, रस्त्यावरच्या कुत्र्यांना नाव वाचता यावे म्हणून.

तुमच्याकडे असे सगळे बंद करूनही दिवा लुकलुकत असेल आणि बाहेरही काही चालू सापडत नसेल, तर पुढे स्वतः हात घालू नका. वायरिंगमध्ये गळती असू शकते, किंवा तुमच्या मीटरमागून दुसऱ्याची वायर गेलेली असू शकते. हे काम परवानाधारक वायरमनचे आहे. आणखी एक काळजी : कॉम्प्रेसरवाली वस्तू बंद केल्यावर निदान पाच मिनिटे पुन्हा सुरू करू नका, आणि बंद असेपर्यंत तिचे दार उघडू नका.

पाटी बंद करून मग एकटा फ्रीझर सुरू केला. दहा लुकलुकींना ४८ सेकंद, म्हणजे २३४ वॉट. पट्टीवरच्या २५० च्या जवळच. आता तो किती वेळ चालतो ते हवे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते फ्रीझरशेजारी उधारीची वही घेऊन बसले आणि कॉम्प्रेसरची घरघर कधी सुरू झाली, कधी थांबली, हे दोन तास टिपत राहिले. १२० मिनिटांपैकी ९० मिनिटे तो चालला. म्हणजे दिवसाचे १८ तास. २३४ गुणिले १८, म्हणजे ४.२ युनिट. विक्रेत्याचे ६ युनिट इथेच कोसळले.

दूध आणि शीतपेयांच्या काचेच्या कूलरला दिवा आणि आतला पंखाही असतो, शिवाय त्याचे दार सारखे उघडते. म्हणून त्याला प्लगमधला मीटर लावून पूर्ण २४ तास मोजले : ५.२ युनिट. हा मीटर घेताना तो १६ अँपिअरचा असावा, हलक्या मीटरवर कॉम्प्रेसर चालवू नये. त्याच मीटरने इन्व्हर्टरही मोजला. बॅटरी भरलेली असतानाही तो दिवसाला अर्धा युनिट घेत होता, आणि यादीत तो नव्हताच.

दुरुस्त झालेली यादी अशी दिसली (आकडे रोजच्या युनिटांचे) :

| वस्तू | आधी लिहिले | मोजल्यावर |
|---|---|---|
| तीन ट्यूब | २.० | २.० |
| दोन पंखे | २.० | २.० |
| दुकानाची पाटी | ०.३ | १.४ |
| काचेचा कूलर | ८.४ | ५.२ |
| डीप फ्रीझर | ६.० | ४.२ |
| संगणक, वजनकाटा | ०.८ | ०.८ |
| कॅमेरे, राउटर | ०.६ | ०.६ |
| इन्व्हर्टर | – | ०.५ |
| एकूण | २०.१ | १६.७ |

बिल १७, यादी १६.७. एवढा फरक चालतो. दहा टक्क्यांच्या आत आलात की मोजणी थांबवा आणि बचतीकडे वळा.

पैसे कुठे आधी घालायचे

अर्ध्याहून अधिक वीज कूलर आणि फ्रीझर या दोनच वस्तू घेतात, हे यादीने दाखवले. सर्वांत जास्त घेणारा कूलर होता, आणि त्याबद्दल कोणी काही बोललेच नव्हते. त्याच्या दारात दहाची नोट अडकवून दार लावले आणि नोट ओढली. ती सरकन बाहेर आली. चांगल्या रबरात नोट घट्ट धरली जाते. चारही बाजूंनी करून पाहिले, खालचे रबर संपले होते आणि थंड हवा तिथून गळत होती. मागची जाळी धुळीने आणि पिठाने लिंपली गेली होती, त्यामुळे आतली उष्णता बाहेर पडत नव्हती. त्यात कूलर फ्रीझरला चिकटून उभा. एकाची गरम हवा दुसरा पीत होता.

नवे रबर ९०० रुपयांना बसले. प्लग काढून जाळी ब्रशने साफ केली. कूलर फ्रीझरपासून आणि भिंतीपासून वीतभर दूर सरकवला. थंडीची कळ शेवटच्या टोकावर होती, ती मधे आणली, पण एकदम नाही : आत पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवून दूध ४ अंशांच्या आसपास राहते आहे हे दोन दिवस पाहत. पुन्हा २४ तास मोजले तर ५.२ चे ४.१ युनिट झाले. दुधाचा कूलर रात्री बंद ठेवून बचत करण्याची कल्पना अनेकांना सुचते. एक कॅन दूध नासले तर महिन्याची बचत गेली, आणि गिऱ्हाईकही जाते. ते करू नये. तुमचा कूलर शीतपेयाच्या कंपनीने दिलेला असेल, तर दुरुस्ती कंपनीकडे मागा. बिल मात्र तुम्हीच भरता, म्हणून मागणी लांबवू नका.

फ्रीझरच्या भिंतींवर बोटभर बर्फ साठला होता. हा बर्फ आतल्या मालासाठी गोधडीचे काम करतो, थंडी मालापर्यंत पोचत नाही आणि कॉम्प्रेसर धावत राहतो. माल थोड्या वेळासाठी शेजारच्या दुकानात ठेवून फ्रीझर बंद केला आणि बर्फ आपोआप वितळू दिला. सुरीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नये, नळी फुटली की गॅस जातो आणि मग खरोखरच नवा फ्रीझर घ्यावा लागतो. बर्फ काढल्यावर कॉम्प्रेसर १२० पैकी ७७ मिनिटे चालू लागला. ४.२ चे ३.६ युनिट, एक रुपयाही खर्च न करता.

पाटीला ६०० रुपयांचा टायमर बसवला, साडेसहाला चालू, साडेनऊला बंद. कुलूप लावण्यापुरता मोबाइलचा दिवा पुरतो. तीन जुन्या ट्यूबांच्या जागी २० वॉटच्या एलईडी पट्ट्या लावल्या, ७५० रुपयांत. जुन्या पट्टीत नुसती एलईडी नळी घालण्यापेक्षा अख्खी पट्टी बदललेली बरी, कारण चोक जागेवर राहिला तर तो वीज खातच राहतो.

सगळ्यांची बचत दिवसाला : पाटी १.१, ट्यूब १.२५, कूलर १.१, फ्रीझर ०.६. एकूण सुमारे ४ युनिट, महिन्याला १,२०० रुपये. खर्च झाला २,२५०, म्हणजे दोन महिन्यांत वसूल.

पंख्यांचा निर्णय इतका सरळ नव्हता. कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे ३० वॉटच्या आसपास चालतात. दोन्ही बदलले तर पंखे चालतील त्या महिन्यांत ३५० रुपये वाचतील, पण खर्च ५,६०० रुपये. वसुलीला १६ महिने, आणि इंदूरच्या थंडीत पंखे तीन महिने बंद असतात, म्हणजे पावणेदोन वर्षांच्या पुढे. आम्ही म्हटले, जो पंखा आधी बिघडेल तो बदला.

आणि फ्रीझर? नव्याचे २.४ युनिट हा आकडा त्याच्या स्टार लेबलवरच्या वर्षाच्या युनिटांवरून काढलेला होता, तो धरू. बर्फ काढलेल्या जुन्याचे ३.६. फरक १.२ युनिट, महिन्याला ३६० रुपये. २८,००० वसूल व्हायला ७८ महिने, साडेसहा वर्षे. कर्ज १४ टक्के दराने २४ महिन्यांचे घेतले, तर हप्ता सुमारे १,३४५ रुपये. महिन्याला ३६० वाचवण्यासाठी १,३४५ भरायचे आणि शेवटी ४,२०० रुपयांच्या वर व्याज द्यायचे. त्यांनी अर्ज परत घेतला.

बिल आल्यावर

पुढचे बिल ३१ दिवसांचे ४०९ युनिटांचे आले, दिवसाला १३.२. आमच्या अंदाजाने १३ च्या किंचित खाली यायला हवे होते. एवढा फरक उन्हाच्या एका आठवड्यानेही पडतो. पक्की तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या रोजच्या युनिटांशी करावी, कारण मे महिन्याचा फ्रीझर आणि जानेवारीचा फ्रीझर सारखे चालत नाहीत. रुपयांवरून तुलना करू नका. मधेच दर वाढला तर युनिट कमी होऊनही बिल तेवढेच दिसते आणि माणूस निराश होतो.

त्यांच्या बिलावर मंजूर भार ३ किलोवॉट आहे. यादीतले सगळे वॉट एकत्र केले तरी ते त्याच्या निम्म्यालाही पोचत नाहीत. बऱ्याच ठिकाणी स्थिर आकार मंजूर भारावर ठरतो, म्हणून भार कमी करण्याच्या अर्जाचे नियम वीज कार्यालयात विचारायला आम्ही सांगितले आहे. पुढेमागे दुसरा कूलर घ्यायचा असेल, तर मात्र भार कमी करू नये.

दिवसाला ३.८ युनिट वाचले, म्हणजे महिन्याला सुमारे १,१४० रुपये. पहिल्या दोन महिन्यांत टायमर, पट्ट्या आणि रबराचा खर्च भरून निघाला. तिसऱ्या महिन्यापासून त्यांनी १,१०० रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडले, २४ महिन्यांचे. मुदत संपेल तेव्हा २६,४०० रुपये मुद्दल आणि वर व्याज हातात असेल. फ्रीझर तोवर टिकला तर उत्तम. बर्फ काढूनही तो १२० पैकी ११० मिनिटे घरघरू लागला, तर त्याची वेळ झाली असे समजून ते पैसे काढायचे, असे ठरले आहे. फ्रीझरच्या झाकणावर आतून एक चिठ्ठी चिकटवली आहे, तिच्यावर मिनिटांचे आकडे आणि तारखा आहेत. दर तीन महिन्यांनी एक ओळ वाढते.